नववी खुर्ची: गल्लीतल्या गेमिंग लाउंजच्या कामाच्या नोंदी

३ मार्च

गाळ्याची किल्ली हातात आली. टेपने मोजला, आतून २२ फूट बाय १२ फूट. निनादने (मावसभाऊ आणि भागीदार, म्हणजे पैसे निम्मे आणि वाद पूर्ण) लगेच कागदावर आखणी केली: दोन्ही लांब भिंतींना सहा-सहा टेबलं, मागच्या भिंतीला दोन टीव्ही आणि दोन कन्सोल. १२ पीसी, २ कन्सोल, १४ खेळाडू. कागदावर सगळं छान बसतं. खुर्ची मागे सरकवली तरी मधून माणूस जाईल एवढी जागा राहते.

मी तोवर मीटरकडे गेलो. कनेक्शन व्यावसायिक वर्गात आहे, हे बरं. पण बिलावर मंजूर भार ५ किलोवॅट, सिंगल फेज. निनादला विचारलं, पुरेल का? म्हणाला, "पीसीला असं काय लागतं रे, ५५० वॅटचा तर एसएमपीएस." मी म्हटलं, ५५० गुणिले १२ किती होतात ते कर. केलं आणि गप्प झाला. पण तो आकडाही खरा नाही, कारण एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लिहिलेले वॅट ही त्याची ताकद असते, त्याचा खप नाही. खरा खप दोघांनाही माहीत नव्हता.

ठरलं असं की बारा पीसी घेण्याआधी एकच पूर्ण संच आणायचा, मोजायचा, आणि मगच आकडा ठरवायचा.

८ मार्च

पहिला संच जोडला. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, २४ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर. सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या मध्ये वॅटमीटर लावला, म्हणजे मॉनिटरही त्याच मोजणीत आला.

डेस्कटॉपवर नुसता बसलेला असताना ६५ वॅट. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये खेळताना २३५ च्या आसपास. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना एकाच वेळी ताण देणारी चाचणी लावली तेव्हा ३०० ला जाऊन थांबला. कार्डाचं स्वतःचं रेटिंग ११५ वॅट, प्रोसेसर जोरात असताना ९० च्या आत, उरलेलं बोर्ड, पंखे, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्ये उष्णता होऊन जाणारं. हिशोब जुळतो.

निनादचं म्हणणं, खेळताना २३५ तर २३५ च धरू. मी ३०० धरतोय. आज लोक जे खेळतात त्यावर उद्याचा भार ठरत नाही. एखादा जड गेम आला की सगळ्या खुर्च्यांवर एकाच आठवड्यात तोच चालणार, आणि तेव्हा सगळे पीसी एकदम वरच्या आकड्याकडे जाणार.

मोजताना दुसरीच गोष्ट सापडली. मॉनिटर हलवायला एक हात कॅबिनेटवर ठेवला आणि दुसरा शटरच्या लोखंडी चौकटीला लागला. मुंग्या आल्या. जोराचा झटका नव्हे, पण हात आपोआप मागे आला. मल्टिमीटरने कॅबिनेट आणि चौकटीमध्ये मोजलं तर ११२ व्होल्ट. जवळजवळ मुख्य दाबाच्या निम्मे, आणि हा "निम्मे" फार बोलका असतो. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी. अर्थिंगची वायर जोडलेली असेल तर तो किरकोळ प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी दोन्हींच्या मध्ये लटकते आणि अर्धा दाब अंगावर घेऊन बसते. सॉकेट उघडलं: अर्थची पिन आहे, मागे वायरच नाही. तिसरं भोक नुसतं शोभेला.

एका पीसीचा हा प्रवाह साधारण एक मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणून नुसत्या मुंग्या. पण एकाच तुटलेल्या अर्थवर आठ-दहा पीसी असतील तर सगळ्यांचा प्रवाह त्या वायरीत एकत्र होतो आणि एखाद्याच कॅबिनेटला हात लावणाऱ्या माणसातून जायला बघतो. तेव्हा त्या मुंग्या राहत नाहीत. जुनी वायरिंग पूर्ण काढायची, हे आजच ठरलं.

१० मार्च

भाराचा तक्ता केला. खेळणी कमी आणि एसी जास्त, असा निघाला.

१२ पीसी गुणिले ३०० म्हणजे ३६०० वॅट. दोन कन्सोल टीव्हीसकट ६०० धरले. एकूण ४२०० वॅट. इथवर ५ किलोवॅटच्या आत आहोत म्हणून निनाद खूश. पण पीसीने खाल्लेली वीज जाते कुठे? सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. ४२०० वॅटची शेगडी खोलीत चालू ठेवल्यासारखं. वर माणसं: बसून खेळणारा माणूस साधारण ११० वॅट उष्णता सोडतो. १४ खेळाडू आणि आम्ही दोघं, १७६० वॅट. भिंती, शटर, उघडझाप होणारं दार यांचे एसीच्या मेकॅनिकने पाहून १५०० सांगितले. बेरीज ७४६० वॅट.

एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढणं. दीड टनाचा एसी ५.३ किलोवॅटच्या आसपास काढतो. म्हणजे एक एसी पुरत नाही, दोन लागतात. पूर्ण जोरात चालताना एकेक १६०० वॅट ओढेल असं धरलं, तर दोघांचे ३२००. दिवे, राउटर, कॅमेरे, काउंटर यांचे ३००.

४२०० + ३२०० + ३०० = ७७०० वॅट. मंजूर भार ५०००.

मग उलट बाजूने गेलो: एकाच दीड टनी एसीत किती खुर्च्या बसतात? ८ पीसी आणि १ कन्सोल धरला तर २७०० वॅट. नऊ खेळाडू आणि काउंटरवर एक, ११०० वॅट. खोलीचे १५००. एकूण ५३००. एसी अगदी काठावर. विजेचा भार २७०० + १६०० + ३०० = ४६००. बसतं.

आकडा पायरीसारखा चढतो, हे आज कळलं. आठव्या पीसीपर्यंत प्रत्येक खुर्ची ३०० वॅटची आहे. नववी खुर्ची ३०० वॅटची नाही, ती स्वतःबरोबर दुसरा एसी घेऊन येते. म्हणजे १९०० वॅटची. आणि त्या १९०० साठी भार वाढवायचा, तीन फेजचं कनेक्शन मागायचं, मीटरपासूनची केबल बदलायची. एवढं केल्यावर मग नऊवर थांबण्यात अर्थ नसतो, बारा-चौदाला जावं लागतं. मधला आकडा तोट्याचाच.

निनादने लगेच फट शोधली: "२३५ ने हिशोब केला तर एकाच एसीत दहा पीसी बसतात." करून पाहिलं. कन्सोल काढून टाकले तर दहा पीसींचे २३५०, बारा माणसांचे १३२०, खोलीचे १५००. ५१७०. बसतात खरे. मी हरकत नोंदवून ठेवली: त्या हिशोबात एकही जड गेम नाही आणि खोलीत एकही जास्तीचा माणूस नाही. शेवटी आठवर तडजोड झाली. नवव्या आणि दहाव्या टेबलासाठी भिंतीत पाइप टाकून ठेवायचे, वायर नाही.

१६ मार्च

लायसन्सचा दिवस. हे काम आम्ही "बघू नंतर" म्हणून मागे टाकलं होतं.

निनादची योजना अशी होती: घरच्या खात्यातून गेम घ्यायचे, आठही पीसीवर टाकायचे. बसेल तो खेळेल. स्टीमचा करारनामा उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्यात वापर वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक असावा असं स्पष्ट आहे. शिवाय एक खातं एका वेळी एकाच ठिकाणी तो गेम खेळू देतं, हा व्यवहारातला अडथळा वेगळाच. मग त्याने कुटुंब-सुविधेचा रस्ता काढला, सहा जणांचं कुटुंब करून लायब्ररी वाटून घ्यायची. ती सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे. पैसे देऊन तासभर बसणारी पोरं आपलं कुटुंब होत नाहीत.

मग त्याचा आवडता मुद्दा आला: "आपण गेमचे पैसे कुठे घेतोय? खुर्चीचे घेतोय. वीज, एसी, पीसी." ऐकायला पटतं. पण करारात प्रश्न पैसे कशाच्या नावाने घेतले हा नसतो, गेमचा वापर धंद्यासाठी होतोय का हा असतो. दारावर गेमची चित्रं लावून आत खुर्च्या भाड्याने द्यायच्या आणि मग म्हणायचं, गेमशी आमचा संबंध नाही, हे कुणी मानणार नाही.

सरळ रस्ता आहे तो असा. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा पीसी कॅफेंसाठी वेगळा कार्यक्रम आहे. व्यवसाय म्हणून नोंदणी करायची आणि त्यातल्या गेमची व्यावसायिक लायसन्स घ्यायची. ग्राहक स्वतःच्याच स्टीम खात्याने लॉगिन करतो, कॅफेने घेतलेला गेम बसेपर्यंत त्याला वापरता येतो, त्याची प्रगती त्याच्या खात्यात राहते. व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम यात येतात, म्हणजे काउंटर-स्ट्राइकचा प्रश्न मिटला. बाकी प्रकाशकांचे सगळे गेम यात नसतात. प्रकाशकाने संमती दिलेली असेल तेच.

१८ मार्च

आजूबाजूच्या पोरांना, दोन कॉलेजवाल्यांना आणि एका चाळिशीतल्या रेसिंगवेड्या काकांना विचारून ११ गेमची यादी केली होती. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: हा गेम पैसे घेऊन खेळू द्यायची परवानगी कुठून मिळते?

पाच गेम कॅफे कार्यक्रमात सापडले. तीन फुकटचे ऑनलाइन गेम होते, त्यांच्याबद्दल आम्ही दोघंही निर्धास्त होतो, आणि तिथेच चुकलो होतो. डाउनलोड फुकट असणं वेगळं, धंद्यात वापरायची मुभा वेगळी. त्यांच्याही अटींत "वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक" हे शब्द असतात. काही प्रकाशक कॅफेंसाठी स्वतंत्र धोरण ठेवतात, ते शोधून, आपल्या प्रदेशाला लागू आहे का पाहून, त्याची प्रत तारखेसह जपून ठेवायची. दोघांचं मिळालं. तिसऱ्याला लिहिलंय. उरलेले तीन बाद.

किती लायसन्स घ्यायची हा हिशोबही चुकीच्या टोकाने सुरू केला होता. आठ पीसी म्हणून प्रत्येक गेमची आठ. पण लायसन्स पीसीला चिकटत नाही, एका वेळी किती जण खेळतात त्यावर ते मोजलं जातं. रेसिंगचा गेम एका वेळी दोघांपलीकडे कुणी खेळणार नाही, तर दोन बास. चौघांनी मिळून खेळायचा गेम चारच्या पटीत, म्हणजे चार. तिसरा रेसिंगवाला आला तर त्याला थांबावं लागेल. थांबला आणि आठवड्यात तीनदा थांबला, की तिसरं घ्यायचं. काउंटरवर वही ठेवायची: कोणता गेम मागितला आणि मिळाला नाही.

२१ मार्च

कन्सोल रद्द. डिस्क दुकानातून रीतसर घेतली तरी कन्सोलच्या सॉफ्टवेअरच्या अटी घरगुती वापराच्याच असतात. आम्हाला व्यावसायिक परवानगीचा सरळ रस्ता सापडला नाही, एका प्रकाशकाला पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर नाही. "सगळेच चालवतात" हे निनादचं वाक्य खरं असेलही, पण सगळे चालवतात म्हणून आपल्याला परवानगी मिळत नाही. कन्सोलचे ३०० वॅट राखीव खात्यात टाकले. ८ पीसी, बस.

विंडोजचंही असंच एक कोपऱ्यातलं कलम निघालं. साधं विंडोज लायसन्स पीसी भाड्याने द्यायची मुभा देत नाही. इंटरनेट कॅफेसारख्या ठिकाणांसाठी मायक्रोसॉफ्टचं भाडे-हक्काचं वेगळं, जोडीचं लायसन्स असतं. ते आधीच्या खऱ्या विंडोज लायसन्सवर चढवायचं. आठ ग्राहकांच्या पीसींना ते लागेल. काउंटरचा पीसी आम्हीच वापरणार, त्याला नको.

२५ मार्च

सामानाची अंतिम मोजणी. खेळायचे पीसी ८, त्यातला एक आलेलाच. काउंटरला एक जुना पीसी. गेमची एक प्रत ठेवायला एक साधा पीसी, त्यात ४ टीबीची एसएसडी.

नेटवर्कचा स्विच आधी आठ पोर्टांचा लिहिला होता, कारण पीसी आठ. मग बाकीचं मोजलं: काउंटर, गेमची प्रत ठेवलेला पीसी, राउटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वायफायचा डबा. तेरा. १६ पोर्टांचा घेतला.

पूर्ण नववा पीसी राखीव म्हणून घ्यावा का, यावर बराच खल झाला. नाही घेतला. पहिल्यांदा मोडतात ते हेडफोन आणि माउस. ते तीन-तीन जास्तीचे, शिवाय एक एसएमपीएस आणि एक एसएसडी कपाटात. बाकीचं बिघडलं तर ती खुर्ची दोन दिवस बंद राहील.

९ एप्रिल

वायरिंग. इलेक्ट्रिशियन शेखरदादांनी जुनं सगळं उपटलं. पीसींसाठी दोन वेगळी सर्किट, प्रत्येकावर चार पीसी, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी. एसीला स्वतंत्र सर्किट, दिव्यांना स्वतंत्र. चार पीसींचे १२०० वॅट म्हणजे जेमतेम सव्वापाच अँपिअर, मग आठही एकाच १६ अँपिअरवर का नाही, असं मी विचारलं. दादा म्हणाले, "चालताना बसतील हो. चालू होताना नाही बसणार." तेव्हा पूर्ण कळलं नाही.

अर्थिंग नवीन केलं. प्रत्येक सॉकेटवर फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल मोजून, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की नावापुढे टिक. मुंग्यावाल्या सॉकेटपाशी मी स्वतः कॅबिनेटला हात लावून पाहिला, आधी मल्टिमीटर लावून मग.

२२ एप्रिल

आठही पीसी लागले. दुपारी सगळे चालू केले, एसी चालू, वीस मिनिटं छान. मग अंधार. एमसीबी सगळे वर, मुख्य आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे वीज गळली की पडणारा स्विच, खाली. पुन्हा चढवला. चाळीस मिनिटांनी पुन्हा पडला. एकेक पीसी काढून दोषी शोधायला गेलो तर कोणताही एक काढला की बराच वेळ पडत नाही. म्हणजे दोषी कुणीच नाही, किंवा सगळेच.

शेखरदादा गळतीचा क्लॅम्प मीटर घेऊन आले. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र त्याच्या चिमट्यात धरल्या. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना कापतात, उरतो तो जमिनीकडे गळणारा. एक पीसी मॉनिटरसकट १.२ मिलिअँपिअर. आठांचे ९.६. इन्व्हर्टर एसी आणि बाकी धरून १५ च्या थोडं वर. आरसीसीबीवर ३० लिहिलंय, म्हणून आम्ही निवांत होतो. पण ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो, त्याला तशी मुभा असते. पंधरावर आधीच बसलेलो, वर एसीच्या कॉम्प्रेसरने वेग बदलला की जरासा धक्का, आणि गेला. हे तेच मुंग्यांचे कपॅसिटर. अर्थिंग नीट झाल्यावर त्यांची गळती माणसातून न जाता जमिनीत जाऊ लागली आणि आरसीसीबीला दिसू लागली.

जास्त मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं हा आळशी उपाय निनादने सुचवला. दादांनी मान हलवली. ३० हा आकडा माणसाच्या जिवासाठी असतो, तो वाढवायचा नाही. गळती वाटून द्यायची. आता पीसींच्या दोन्ही सर्किटना आपापला ३० मिलिअँपिअरचा ए टाइप आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी दोन्ही एकातच; एसीला वेगळा. प्रत्येक पीसी सर्किटवर ४.८ मिलिअँपिअर. नेहमीची गळती ३० च्या तीस टक्क्यांखाली, म्हणजे ९ च्या आत ठेवावी असा दादांचा दंडक. पाइप टाकून ठेवलेली नववी-दहावी टेबलं एकेका सर्किटवर गेली तरी ६ वर राहू.

२७ एप्रिल

दोन दिवसांनी वीज गेली आणि आली. आली तेव्हा दोन्ही आरसीबीओ पडलेले. मी म्हटलं झालं, पुन्हा गळती. पण क्लॅम्प तर ४.८ च दाखवतोय. आणि पडणं फक्त वीज परतल्यावर, चालताना कधीच नाही.

मला वाटलं आठही पीसी वीज येताच एकदम सुरू होत असतील. बायोसमध्ये `Restore AC Power Loss` हे `Power Off` वर ठेवलं. मुख्य स्विच पाडून पुन्हा चढवला: पीसी एकही चालू झाला नाही, तरी एक आरसीबीओ पडलाच. कारण पीसी बंद असला तरी एसएमपीएसला वीज मिळतेच, आणि त्यातला मोठा कपॅसिटर रिकामा असतो. वीज आली की तो काही मिलिसेकंदांत भरून घेतो, आणि तेवढ्या क्षणापुरता एकेक एसएमपीएस कित्येक पटींनी प्रवाह ओढतो. चार-चारांचे दोन गट एकाच क्षणी. "चालू होताना नाही बसणार" म्हणजे हे.

उपाय: प्रत्येक सर्किटला काँटॅक्टर आणि उशिराने चालू करणारा टायमर. शिवाय चार सॉकेट दोन-दोनच्या जोडीत तोडून घेतले. वीज आली की ५ सेकंदांनी पहिली जोडी, मग पाच-पाच सेकंदांच्या अंतराने बाकीच्या. खट्, खट्, खट्, खट्. सहा वेळा मुख्य स्विच पाडून पाहिला, एकदाही पडला नाही. निनादला तो आवाज इतका आवडला की सातव्यांदा त्याने उगाच पाडला.

४ मे

गेम भरणं. एक मोठा गेम १०० जीबीच्या पुढे जातो, आठ पीसींवर आठदा डाउनलोड करायचा तर महिना जाईल. स्टीममध्ये २०२३ पासून स्थानिक नेटवर्कवरून गेम एका पीसीतून दुसऱ्यात नेता येतो. गिगाबिट वायरीतून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, १०० जीबीला पंधरा मिनिटं. दोन पीसींनी एकदम मागितलं की वेग वाटला जातो, म्हणून रात्री एकामागून एक लावायचं.

फ्रेमची मर्यादाही टाकली. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, मग कार्डाने तीनशे फ्रेम काढून उष्णता कशाला करायची? काउंटर-स्ट्राइकच्या आज्ञा टाकायच्या कन्सोलमध्ये:

```
fps_max 144
```

त्याच नकाशात २३५ वरून १९० वॅटवर आला. मुरलेले खेळाडू कुरकुर करणार, जास्त फ्रेम म्हणजे माउसचा प्रतिसाद चटकन, आणि ते चूक म्हणत नाहीत. दोन टेबलांवर मर्यादा काढून ठेवली. बाकी सहांवर राहील.

१७ मे

उघडून आठवडा झाला. मुख्य मीटरवर सर्वात जास्त दिसलेला भार ३.८ किलोवॅट. निनाद हा आकडा दिवसातून दोनदा ऐकवतो. "१२०० वॅट नुसते पडून आहेत. दोन खुर्च्या."

मी खोलीच्या तापमानाची वही त्याच्यापुढे ठेवली. एसी २४ वर. दुपारी आठही खुर्च्या भरलेल्या असताना २४.५. संध्याकाळी, त्याच आठ खुर्च्या, तेच गेम, तापमान २८ आणि एसी पूर्ण जोरात. वॅटमीटरवर पीसींचा आकडा दुपारएवढाच. मग संध्याकाळी वेगळं काय?

कॅमेऱ्यात पाहिलं. खेळणारे आठ. त्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहून बघणारे, "डावीकडे, डावीकडे" ओरडणारे, दहा. दहांचे ११०० वॅट, म्हणजे जवळजवळ चार पीसी, मीटरवर न दिसणारे आणि बिल न देणारे. नववी आणि दहावी खुर्ची आधीच भरलेली आहे, फक्त उभ्याने.

उद्या सुतार येतोय. शटरच्या बाहेर बाक टाकायचा आणि एका टेबलाचा खेळ दाखवणारा टीव्ही काचेतून बाहेरच्या बाजूला लावायचा. टीव्हीचे ९० वॅट दिव्यांच्या सर्किटवर जातील.